पुन्हा आलेली संख्या शोधणारा चक्राचा प्रोग्राम काही ॲरेंवर अचूक चालतो, काहींवर थांबतच नाही

सातत्य

नमस्कार. n+1 जागांचा एक ॲरे दिलेला आहे, त्यातली प्रत्येक संख्या 1 ते n यांच्यामधली आहे आणि नेमकी एकच संख्या एकाहून अधिक वेळा आलेली आहे. ती संख्या शोधायची आहे. मात्र ॲरेमध्ये कोणताही बदल करायचा नाही आणि दोन-चार चलांपेक्षा जास्त जागा वापरायची नाही. या प्रश्नासाठी मी एक मंद आणि एक वेगवान असे दोन पॉइंटर चालवण्याची रीत वाचली आणि ती पुढीलप्रमाणे लिहिली.

```python
def find(a):
    slow = a[0]
    fast = a[a[0]]
    while slow != fast:
        slow = a[slow]
        fast = a[a[fast]]
    slow = a[0]
    while slow != fast:
        slow = a[slow]
        fast = a[fast]
    return slow
```

`[1, 2, 3, 3]` दिल्यावर उत्तर 3 येते, म्हणजे बरोबर येते. `[4, 5, 6, 6, 2, 3, 1, 7]` दिल्यावर मात्र प्रोग्राम अडकतो. मी मधली मूल्ये छापून पाहिली, तेव्हा पहिला लूप तीन फेऱ्यांत व्यवस्थित संपतो आणि दुसरा कधीच संपत नाही, एवढे समजले. ही रीत मला केवळ कृती म्हणून माहीत आहे. ॲरेमध्ये चक्र कुठून येते आणि ते जिथे सुरू होते तीच पुन्हा आलेली संख्या कशावरून, हे मला अजून पटलेले नाही. चूक दाखवताना तेही कोणी समजावून सांगितले तर मला फार हवे आहे.

बेरीजवजाबाकी

यासाठी दोन पॉइंटर कशाला हवेत, हे मला कळलेले नाही. 1 ते n यांची बेरीज n(n+1)/2 असते. ॲरेतल्या सगळ्या संख्यांची बेरीज करून त्यातून ही वजा केली, की जी संख्या जास्तीची आहे ती हातात उरते. तुमच्याच ॲरेची बेरीज 34 आहे, 1 ते 7 यांची बेरीज 28 आहे आणि फरक 6 येतो. ॲरेवरून एकच फेरी मारावी लागते, एक चल पुरते आणि अडकण्याचा प्रश्नच येत नाही.

गणकयंत्री

@बेरीजवजाबाकी, तुमची रीत ती संख्या नेमकी दोनदाच आली असेल तर बरोबर आहे, कारण तेव्हा 1 ते n पैकी प्रत्येक संख्या किमान एकदा हजर असते. पण प्रश्नात "एकाहून अधिक वेळा" असे म्हटले आहे. `[3, 1, 3, 4, 3]` हा ॲरे घ्या. येथे n = 4 आहे, 3 ही संख्या तीनदा आली आहे आणि 2 ही संख्या अजिबात नाही. बेरीज 14, अपेक्षित 10, फरक 4. हे उत्तर चुकीचे आहे, आणि 4 ही संख्या ॲरेमध्ये खरोखरच असल्यामुळे ते वरवर पाहणाऱ्याला खरेही वाटते. सर्व संख्यांचा एक्सॉर घेण्याची जी रीत सुचवली जाते तिलाही हीच मर्यादा आहे.

@सातत्य, तुमची चूक एका ओळीत आहे, पण ती लगेच सांगितली तर तुमचा दुसरा प्रश्न तसाच राहील. आधी एक काम करा. दुसरा लूप सुरू होतानाची slow आणि fast यांची जोडी लिहा आणि पुढच्या पाच-सहा जोड्या हाताने काढून येथे द्या.

सातत्य

काढल्या. सुरुवातीला slow 4 वर आणि fast 1 वर आहे. त्यानंतरच्या जोड्या अशा येतात: (2, 5), (6, 3), (1, 6), (5, 1), (3, 5) आणि पुन्हा (6, 3). म्हणजे (6, 3) पासून तेच चार टप्पे फिरत राहतात. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, की slow जिथे असतो तिथे fast पुढच्याच फेरीत येतो. तो नेहमी एकच पाऊल मागे आहे आणि ते अंतर कधीच मिटत नाही.

गणकयंत्री

हेच मला तुमच्याकडून हवे होते. आता मुळापासून पाहू.

ॲरेला संख्यांची यादी न समजता वाटांचा नकाशा समजा. इंडेक्स i वर उभे असताना a[i] मध्ये जी संख्या लिहिली आहे त्या इंडेक्सवर जायचे, एवढा एकच नियम. सर्व संख्या 1 ते n यांच्यातल्या आहेत आणि इंडेक्स 0 ते n आहेत, त्यामुळे कोणतेही पाऊल ॲरेच्या बाहेर पडत नाही. तुमच्या ॲरेमध्ये 0 पासून निघालो तर वाट अशी जाते: 0, 4, 2, 6, 1, 5, 3 आणि पुन्हा 6. पहिली तीन ठिकाणे, म्हणजे 0, 4, 2, एकदाच लागतात, ती शेपटी. पुढची चार, म्हणजे 6, 1, 5, 3, पुन्हा पुन्हा लागतात, ते चक्र.

आता 6 कडे नीट पाहा. तिथे दोन वाटा येऊन मिळतात: एक शेपटीतल्या 2 वरून आणि दुसरी चक्रातल्या 3 वरून. 2 वरून 6 वर जाता येते याचा अर्थ a[2] = 6, आणि 3 वरून 6 वर जाता येते याचा अर्थ a[3] = 6. दोन वेगवेगळ्या जागी एकच संख्या लिहिलेली आहे, म्हणजे तीच पुन्हा आलेली संख्या झाली. चक्राचे प्रवेशद्वार आणि आपले उत्तर या दोन गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत. "दोन वाटा एका ठिकाणी येतात" आणि "एक संख्या दोन जागी लिहिली आहे" ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत.

प्रवेशद्वार असण्यासाठी शेपटी मात्र असायलाच हवी, आणि ती असण्याची हमी 0 देतो. ॲरेमध्ये कुठेही 0 ही संख्या नाही, म्हणून 0 वर परत येणारी एकही वाट नाही, म्हणून 0 चक्रात असूच शकत नाही. 0 पासून निघालेली वाट चक्रात बाहेरूनच शिरते. या ॲरेमध्ये आणखी एक चक्र आहे, a[7] = 7, पण तिथे बाहेरून कोणी पोहोचत नाही, त्यामुळे ते आपल्याला कधी भेटत नाही आणि भेटायची गरजही नाही.

राहिला दुसरा लूप. समजा 0 पासून निघून t पावलांनंतर दोघे भेटले. slow ने t पावले टाकली आणि fast ने 2t. दोघे चक्रात एकाच ठिकाणी आहेत, म्हणजे त्यांच्या पावलांमधला फरक, जो पुन्हा t आहे, चक्राच्या लांबीच्या पूर्ण पटीत असला पाहिजे. तुमच्या ॲरेमध्ये चक्राची लांबी 4 आहे आणि ते चार पावलांनंतर इंडेक्स 1 वर भेटतात. आता शेपटीची लांबी 3 आहे असे आपल्याला माहीत नाही, असे धरा. slow ला 0 वर ठेवा, fast ला भेटीच्या जागी राहू द्या आणि दोघांनाही एकेक पाऊल चालवा. तीन पावलांनी slow प्रवेशद्वाराशी येतो. fast ची 0 पासूनची एकूण वाटचाल t + 3 पावलांएवढी मानता येते, आणि t हे पूर्ण फेऱ्यांचे माप असल्यामुळे तो 3 पावले चालणाऱ्याच्याच जागी, म्हणजे प्रवेशद्वाराशी, असतो. जोड्या काढून पाहा: (0, 1), (4, 5), (2, 3), (6, 6).

हा सारा हिशेब पावले 0 पासून मोजली तरच जुळतो. तुमच्या पहिल्या लूपच्या आधीच्या दोन ओळींत slow = a[0] आणि fast = a[a[0]] आहे, म्हणजे तुम्ही 0 वर उभे राहून एक आणि दोन पावले आधीच टाकली आहेत; मोजणी 0 पासूनच सुरू झाली. पण मध्ये तुम्ही slow ला a[0] वर नेऊन ठेवता, म्हणजे त्याला एक पाऊल फुकट मिळते. तेच एक पाऊल तुम्हाला जोड्यांमध्ये दिसले. मधली ओळ slow = 0 अशी करा.

`[1, 2, 3, 3]` मध्ये तो चालला, कारण तिथे a[3] = 3 आहे आणि चक्राची लांबी 1 आहे. एकाच जागेच्या चक्रात एक पाऊल मागे राहिलेला आणि पुढे गेलेला हे दोघेही त्याच जागी असतात.

उलटतपासणी

मला एक शंका आहे. fast एका वेळी दोन पावले टाकतो. मग तो चक्रामध्ये slow च्या डोक्यावरून उडी मारून पुढे निघून जाणार नाही कशावरून? असे तो दरवेळी करत राहिला तर पहिला लूपही संपणार नाही. आणि दोनच पावले का, तीन टाकली तर भेट लवकर होईल असे मला वाटते.

गणकयंत्री

दोघेही चक्रात आल्यावर fast ला slow पर्यंत पुढच्या दिशेने किती पावले उरली आहेत ते मोजा. प्रत्येक फेरीत fast दोन पावले जवळ येतो आणि slow एक पाऊल दूर जातो, त्यामुळे हे अंतर दर फेरीला नेमके एकने घटते. एकेकने घटणारी पूर्ण संख्या 0 ला वगळून पुढे जाऊ शकत नाही. म्हणून उडी मारली जात नाही.

तीन पावलांबद्दलची तुमची शंका विचार करण्याजोगी आहे. तीन पावलांनीही ते भेटतात, पण तेव्हा पावलांमधला फरक 2t असतो आणि चक्राच्या पटीत असण्याचे बंधन t वर न राहता 2t वर येते. शेपटीची लांबी 1 आणि चक्राची लांबी 4 घ्या. दुसऱ्याच फेरीला slow दोन आणि fast सहा पावलांवर, म्हणजे एकाच जागी असतात. पण 2 ही 4 ची पट नाही. दुसऱ्या लूपमध्ये दोघे चक्रात एकमेकांच्या बरोबर समोर राहून फिरत राहतात आणि सातत्य यांच्यासारखाच प्रोग्राम अडकतो. पहिली भेट लवकर होते, पण दुसऱ्या भेटीची हमी जाते.

तळटीप

मी हीच रीत माझ्या कामात वापरली आणि मला चुकीचे उत्तर मिळाले, म्हणून येथे लिहीत आहे. माझ्या नोंदींना 0 पासून क्रमांक आहेत, म्हणजे n+1 नोंदींमध्ये 0 ते n-1 हे क्रमांक येतात. slow = 0 ही दुरुस्ती माझ्या कोडमध्ये पहिल्यापासूनच आहे. तरीही `[0, 2, 1, 2]` ला उत्तर 0 येते, जेव्हा पुन्हा आलेला क्रमांक 2 आहे. तेव्हा ही रीतच सदोष आहे असे मी समजलो. शिवाय माझ्या नोंदींमध्ये कधीकधी दोन-तीन वेगवेगळे क्रमांक पुन्हा आलेले असतात आणि मला ते सगळे हवे असतात.

गणकयंत्री

रीत सदोष नाही. ज्या अटीवर ती उभी आहे ती अट तुमच्या नोंदींमध्ये नाही. वर मी म्हटले की 0 ही संख्या ॲरेमध्ये नसल्यामुळे 0 चक्राबाहेर असतो. तुमच्याकडे 0 आहे. तुमच्या ॲरेमध्ये a[0] = 0 असल्यामुळे दोघेही पॉइंटर निघाल्या जागीच फिरत राहिले. एरवीही जेव्हा 0 स्वतः चक्रात सापडतो तेव्हा शेपटी उरत नाही, प्रस्थानाची जागा हेच प्रवेशद्वार ठरते आणि उत्तर 0 येते. म्हणून अशा ॲरेमध्ये 0 हे उत्तर आले तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते खरेही असेल, पण या मार्गाने ते सिद्ध होत नाही.

उपाय साधा आहे. तुमच्याकडे कोणती संख्या कधीच येत नाही? शेवटचा इंडेक्स n. तिथून निघा. `[0, 2, 1, 2]` मध्ये 3 पासून वाट 3, 2, 1, 2 अशी जाते आणि प्रवेशद्वार 2 आहे. बाकी कोड तोच राहील. दोन्ही लूपची सुरुवात मात्र 0 ऐवजी n पासून करावी लागेल.

सगळे पुन्हा आलेले क्रमांक हवे असतील तर मात्र हे साधन तुमच्यासाठी नाही. निघण्याच्या जागेपासून एकच वाट जाते, ती एकाच चक्रात शिरते आणि एकच प्रवेशद्वार सापडते.

उलटतपासणी

@तळटीप, तुमच्यासाठी तर प्रत्येक क्रमांकाला एक बिट ठेवून एकदा वाचत जाणे सर्वांत सरळ आहे. दहा लाख क्रमांकांना दहा लाख बिट, म्हणजे 1,25,000 बाइट लागतात. कोणता क्रमांक पुन्हा आला ते त्याच क्षणी कळते आणि सगळे मिळतात. जागेचे बंधन प्रश्नात घातले आहे म्हणून दोन पॉइंटर लागतात. तुमच्या कामात ते बंधन आहे का, हे आधी तपासा.

तळटीप

बंधन नाही. मी प्रश्नातले बंधन माझ्यावरही आहे असे धरून चाललो होतो. बिटांची रीत वापरतो.

बेरीजवजाबाकी

माझी पहिली रीत चुकली हे मान्य आहे, पण मी आणखी एक मांडतो, जी कितीही वेळा आलेल्या संख्येला चालते आणि ॲरेलाही हात लावत नाही. 1 ते n चे मधोमध दोन भाग करा आणि पहिल्या भागात बसणाऱ्या संख्या ॲरेमध्ये किती जागी आहेत ते मोजा. त्या भागात मुळात जितक्या संख्या आहेत त्यापेक्षा मोजलेल्या जागा जास्त निघाल्या तर उत्तर त्याच भागात आहे, नाहीतर दुसऱ्या भागात. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. `[3, 1, 3, 4, 3]` मध्ये 1 आणि 2 मिळून एकच जागा भरते, म्हणून उत्तर 3 किंवा 4; मग फक्त 3 मोजला तर तीन जागा, म्हणून 3. हे मला चक्रापेक्षा समजायला सोपे वाटते.

गणकयंत्री

ही रीत पूर्णपणे बरोबर आहे आणि ती चांगली मांडली आहे. फरक वाचनांच्या संख्येचा आहे. n दहा लाख असेल तर तुमच्या रीतीला ॲरेवरून सुमारे 20 फेऱ्या लागतात, म्हणजे जवळजवळ दोन कोटी वाचने. चक्राच्या रीतीत पहिली भेट n पावलांच्या आत होते, प्रत्येक फेरीला तीन वाचने लागतात, आणि दुसऱ्या लूपमध्ये शेपटीच्या लांबीएवढ्याच फेऱ्या होऊन प्रत्येकीला दोन वाचने लागतात. सगळी मिळून ती पाच पट n च्या, म्हणजे पन्नास लाखांच्या आत राहतात.

उलटतपासणी

वाचनांची संख्या कमी म्हणून वेळही कमीच लागेल, हे मला मान्य नाही. मोजण्याच्या रीतीत ॲरे पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत सरळ वाचला जातो, आणि कॅशे त्यासाठीच असते. चक्राच्या रीतीत प्रत्येक पाऊल ॲरेमध्ये कुठेही पडू शकते आणि पुढचे पाऊल कुठे पडणार हे आधीचे वाचन पूर्ण झाल्याशिवाय प्रोसेसरला कळत नाही. ॲरे कॅशेमध्ये मावत नसेल तर दोन कोटी सरळ वाचने पन्नास लाख विखुरलेल्या वाचनांपेक्षा लवकर संपली तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

गणकयंत्री

याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. वाट ॲरेच्या किती भागातून फिरते यावरही ते अवलंबून आहे. शेपटी आणि चक्र दोन्ही लहान असतील तर चक्राची रीत ॲरेचा बराचसा भाग न वाचताच उत्तर देते, तर मोजण्याच्या रीतीला दर वेळी पूर्ण ॲरे वाचावाच लागतो. प्रत्यक्ष यंत्रावर मोजल्याशिवाय मी यात बाजू घेणार नाही.

एक गोष्ट ओघाने सांगतो. ही रीत फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते, ती क्नूथ यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तिचे श्रेय त्यांना दिल्यामुळे. संख्यांचे अवयव शोधण्याच्या पोलार्ड यांच्या १९७५ च्या रीतीतही हेच दोन पॉइंटर आहेत. तिथे मात्र चक्र सापडणे पुरेसे असते, प्रवेशद्वार शोधावे लागत नाही. म्हणजे सातत्य यांना अडवणारा दुसरा लूप तिथे नसतोच.

सातत्य

मधली ओळ बदलली आणि दोन्ही ॲरेंवर उत्तर बरोबर आले. पण दोन ॲरेंवर विश्वास ठेवून एकदा फसलो असल्यामुळे या वेळी n = 4 साठी शक्य असलेले सर्व ॲरे तयार केले. पाच जागा आणि प्रत्येकीत 1 ते 4, असे 1024 ॲरे होतात. त्यांपैकी 544 मध्ये नेमकी एकच संख्या पुन्हा येते. दुरुस्त केलेला कोड सर्व 544 वर बरोबर उत्तर देतो. जुना कोड लूपच्या फेऱ्यांना मर्यादा घालून चालवला, तेव्हा तो 292 वर बरोबर उत्तर देतो आणि 252 वर अडकतो. एकाही ॲरेवर त्याने चुकीची संख्या दिली नाही, हे मला अनपेक्षित होते.

गणकयंत्री

जुन्या कोडने चुकीची संख्या देणे शक्यच नाही. दुसऱ्या लूपमध्ये fast सतत चक्रातच असतो, त्यामुळे slow शेपटीत असताना दोघे भेटू शकत नाहीत. आणि slow चक्रात आल्यावर चक्राची लांबी 1 असेल तर ते उत्तरावरच भेटतात, नसेल तर एक पाऊल अंतर कायम राहते. तुमचे ते 292 ॲरे म्हणजे ज्यांत पुन्हा आलेली संख्या v आहे आणि a[v] मध्येही v च आहे, असे सर्व ॲरे. तपासून पाहा.

सातत्य

तपासले, ते नेमके तेच 292 आहेत. उरलेले 480 ॲरेही कुतूहलाने दुरुस्त कोडला दिले. त्या प्रत्येकात दोन वेगवेगळ्या संख्या पुन्हा आलेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी त्या दोहोंपैकी एक बाहेर आली. `[1, 2, 1, 3, 3]` मध्ये 1 आणि 3 दोन्ही पुन्हा आल्या आहेत, पण 0 पासूनची वाट 1, 2, 1 अशी जाते, म्हणून उत्तर 1 मिळते आणि 3 कडे ती वाट वळतच नाही.